५ मिलिटेस्ला आणि १५ हजार व्होल्ट: सॉलेनॉइडच्या पोटातली ऊर्जा

प्रश्न: सर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लांब सॉलेनॉइडची ऊर्जा ½LI² आणि तीच B²/2μ₀ गुणिले घनफळ, हे गणित जमतं. पण ऊर्जा 'क्षेत्रात' असते म्हणजे नक्की काय? ती तारेत का नाही? दुसरं म्हणजे, १ टेस्लाची ऊर्जा घनता काढली आणि हवेत ठिणगी पडेल इतक्या विद्युत क्षेत्राची काढली, तर चुंबकीय १० हजार पट येते. मग ऊर्जा साठवायला सगळीकडे कॅपॅसिटरच का दिसतात?

उत्तर:

दोन्ही शंकांना एकच सॉलेनॉइड पुरेल, म्हणून आधी तो टेबलावर ठेवतो. आमच्या प्रयोगशाळेत पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळलेला एक आहे. लांबी ५० सेंटिमीटर, वेढ्यांचा सरासरी व्यास ५ सेंटिमीटर, दोन थरांत मिळून १००० वेढे. तार २१ गेजची इनॅमलवाली. एका थरात ५०० वेढे बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १ मिलिमीटर जागा येते, आणि ही तार इनॅमलसकट त्याहून थोडी बारीकच असते. एकूण तार लागली १५७ मीटर, थंड असताना रोध ५.२ ओहम.

यातून २ अँपिअर सोडले. मीटरला २००० वेढे पडतात, म्हणून

B = μ₀ n I = 4π×10⁻⁷ × 2000 × 2 ≈ 5.03×10⁻³ T

म्हणजे ५ मिलिटेस्ला. घनता B²/2μ₀ काढली की घनमीटरला १० ज्यूल येतात. पाइपाच्या आतली जागा एक लिटरला जरा कमी आहे, 9.8×10⁻⁴ घनमीटर. गुणाकार केला की ऊर्जा जेमतेम १० मिलिज्यूल. दुसऱ्या वाटेने जा: L = μ₀n²Al मधून ४.९ मिलिहेन्री, आणि ½LI² पुन्हा १० मिलिज्यूल. १०० ग्रॅमचं वजन १ सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी ही ऊर्जा. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे तो बऱ्याचदा लागणार आहे.

आता ती तारेत का नाही, ते बघू. स्विच दाबल्यावर प्रवाह शून्यापासून २ अँपिअरपर्यंत चढतो. तेवढ्या वेळात B बदलत असतो, आणि बदलता B स्वतःभोवती गोल फिरणारं विद्युत क्षेत्र तयार करतो. फॅरेडेच्या नियमाने वेढ्यांपाशी त्याचं मान E = (R/2)·dB/dt. हे क्षेत्र तारेच्या दिशेनेच, पण प्रवाहाच्या विरुद्ध असतं. पुरवठ्याला याच विरोधाशी झुंजावं लागतं, आणि त्या झुंजीत झालेलं काम म्हणजे ½LI². इथवर सगळी पुस्तकं येतात.

एक पाऊल पुढे टाकून पॉइंटिंग सदिश काढा, म्हणजे ऊर्जा कुठल्या दिशेने आणि किती वाहते ते सांगणारा सदिश. E वर्तुळाकार, B अक्षाच्या दिशेने. दोघांचा सदिश गुणाकार सरळ अक्षाकडे, म्हणजे आत वळलेला. त्याचं मान E·B/μ₀. वेढ्यांच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ 2πRl. दोन्ही गुणले की आत येणारी शक्ती मिळते:

(R/2)(dB/dt) · (B/μ₀) · 2πRl = πR²l · d/dt (B²/2μ₀)

उजवीकडे काय उभं राहिलं बघा. घनफळ, गुणिले ऊर्जा घनता वाढण्याचा वेग. कुठे काही उरलं नाही, कुठे काही कमी पडलं नाही. माठाच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं तशी ऊर्जा इथे वायंडिंगच्या भिंतीतून झिरपते, फक्त दिशा उलटी: बाहेरून आत. हेच गणित R च्या जागी कुठलीही लहान त्रिज्या r घेऊन करा. त्या छोट्या नळकांड्यात शिरणारी ऊर्जाही नेमकी त्याच्या आतल्या घनतेला पुरेल एवढीच निघते. म्हणून सॉलेनॉइडच्या आत घनता सगळीकडे सारखी: भिंतीलगत जास्त आणि मध्यभागी कमी, असं होत नाही.

प्रवाह २ अँपिअरवर स्थिरावला की dB/dt शून्य होतो, आत झिरपणं थांबतं. त्यानंतर पुरवठा जे सेकंदाला २१ ज्यूल देत राहतो, ते सगळे तांबं तापवण्यात जातात. परीक्षेत मुलं बऱ्याचदा हे दोन खर्च एकत्र करतात. साठवलेली ऊर्जा एकदाच भरली जाते. उष्णतेचं मीटर मात्र चालूच राहतं.

तरीही तुम्ही म्हणू शकता की हा नुसता हिशोबाचा खेळ झाला, ऊर्जा तारेच्या नावावर लिहिली काय आणि पोकळीच्या नावावर लिहिली काय. एका स्थिर सॉलेनॉइडपुरतं हे म्हणणं मला खोडता येणार नाही. दोन्ही वह्यांत बेरीज सारखीच येते. निकाल लागतो तो प्रकाशाकडे बघून. सूर्यावरून निघालेली ऊर्जा आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेते, आणि त्या वेळात ती कुठल्याच तारेच्या नावावर लिहिता येत नाही. प्रकाशात E = cB असतं, आणि त्यामुळे ½ε₀E² आणि B²/2μ₀ तंतोतंत सारखे निघतात; निम्मी ऊर्जा विद्युत, निम्मी चुंबकीय. जे सूत्र तिथे पोकळीत लागू आहे, तेच आपल्या पाइपाच्या आत लागू आहे.

आमच्याकडे मुलांना हे १० मिलिज्यूल मोजून दाखवायला लावतो. युक्ती सोपी आहे: चुंबकीय ऊर्जा विद्युत ऊर्जेत ओतायची आणि व्होल्ट मोजायचे. सॉलेनॉइडला समांतर १ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर लावायचा. पुरवठ्याच्या वाटेत स्विच म्हणून मॉसफेट ठेवायचा, प्रवाह २ अँपिअरवर स्थिर होऊ द्यायचा आणि मॉसफेट बंद करायचा. आता सॉलेनॉइडमधल्या प्रवाहाला जायला कॅपॅसिटरखेरीज वाट नाही. चुंबकीय क्षेत्र ओसरतं, कॅपॅसिटर भरतो. सगळी ऊर्जा पोहोचली तर ½CV² = ½LI², म्हणजे V = I√(L/C) = 2 × √(4.9×10⁻³/10⁻⁶) = 140 व्होल्ट. पुरवठा ११ व्होल्टचाही नाही, आणि कॅपॅसिटरवर १४० व्होल्ट! ऑसिलोस्कोपवर ०.११ मिलिसेकंदात टोक येऊन जातं.

प्रत्यक्षात टोक १३० च्या आसपास मिळतं. ते १० व्होल्ट कुठे गेले हे शोधण्यातच खरा अभ्यास आहे. त्यातला मोठा वाटा रोधाचा: एवढ्याशा वेळातही तांब्यात थोडी ऊर्जा जाते, आणि टोक सुमारे सहा टक्क्यांनी खाली येतं. उरलेली चूक आपल्या 'लांब' या शब्दाची. खरा सॉलेनॉइड टोकांशी संपतो. तोंडापाशी अक्षावरचं B मध्यभागाच्या निम्मं होतं, आणि घनता B च्या वर्गावर असल्यामुळे चौथाई. थोडं क्षेत्र बाहेरही पसरतं. या सगळ्याचा हिशोब नागाओकाच्या गुणकात येतो. एकाच थराच्या सडपातळ कॉइलसाठी 1/(1 + 0.45 d/l) हे त्याचं कामचलाऊ रूप, आणि दोन पातळ थरांनाही ते चालतं. आपल्याकडे व्यास लांबीच्या एक दशांश, म्हणून गुणक ०.९६. एलसीआर मीटर ४.९ ऐवजी ४.७ मिलिहेन्री दाखवतं ते यामुळे. मीटर बिघडलेलं नाही. व्यास लांबीच्या निम्मा असता तर हाच गुणक ०.८२ वर आला असता आणि लांब सॉलेनॉइडचं सूत्र वापरून तुम्ही जवळजवळ पाचवा हिस्सा ऊर्जा हवेतून निर्माण केली असती.

हा प्रयोग पहिल्यांदा जुळवला तेव्हा घाईत कॅपॅसिटर लावायचा राहिला होता. तेव्हा प्रवाहापुढे वाट उरली ती फक्त वेढ्यावेढ्यांमधल्या इवल्याशा धारितेची. ती २०० पिकोफॅरड धरा आणि वरच्याच सूत्रात घाला, उत्तर १० हजार व्होल्टच्या घरात येतं. अर्थात तिथपर्यंत काही पोहोचलं नाही. ५०० व्होल्टचा मॉसफेट आधीच गेला, आवाजसुद्धा न करता. जाताना तो आरपार शॉर्ट झाला, त्यामुळे प्रवाह तसाच चालू राहिला आणि आम्ही पाच मिनिटं गेट सर्किटमध्ये दोष शोधत बसलो.

आता तुलना. दोन्ही घनता सारख्या करा:

½ε₀E² = B²/2μ₀, म्हणून E = B/√(μ₀ε₀) = cB

अमुक B च्या तोडीचं E किती, हे काढायला c ने गुणायचं, बस. आपले ५ मिलिटेस्ला म्हणजे मीटरला १५ लाख व्होल्ट, सेंटिमीटरला १५ हजार. साध्या हवेत सेंटिमीटरभर फटीत साधारण ३० हजार व्होल्टला ठिणगी पडते. म्हणजे बाकावरचा पीव्हीसी पाइप, हाताला जरा कोमट लागणारा, विद्युत क्षेत्राच्या भाषेत ठिणगीच्या अर्ध्या वाटेवर येऊन उभा आहे! प्रवाह ४ अँपिअर करा, १० मिलिटेस्ला होतील, आणि हवेत विद्युत क्षेत्राला जेवढी ऊर्जा कोंबता येते तेवढी तुम्ही गाठलेली असेल: घनमीटरला ४० ज्यूल. तुमचं १ टेस्ला त्याच्या शंभर पट क्षेत्र, म्हणून १० हजार पट घनता, घनमीटरला ४ लाख ज्यूल. तुमचं गणित अगदी बरोबर आहे.

गंमत म्हणून पृथ्वीचंही बघा. आपल्याकडे तिचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, आणि निरभ्र दिवशी जमिनीलगतचं विद्युत क्षेत्र मीटरला साधारण १०० व्होल्ट. घनतांचं गुणोत्तर १४ हजार. तुमच्या १० हजारांच्या इतकं जवळ येणं हा निव्वळ योगायोग, त्यात काही शोधू नका.

पण 'चुंबकीय ऊर्जा जास्त' हे वाक्य नुसतं सोडलं तर त्याला अर्थ नाही. १ टेस्ला आणि मीटरला १ व्होल्ट यांची तुलना म्हणजे एक मैल आणि एक तोळा यांची तुलना. अर्थ येतो तो मर्यादा शेजारी ठेवल्यावर. विद्युत क्षेत्राची मर्यादा पदार्थ ठरवतो. क्षेत्र प्रभारांना ओढतं, हवेतला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन वेग घेतो, रेणूवर आपटून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि बघता बघता ठिणगी. चुंबकीय क्षेत्र प्रभारावर काम करतच नाही, त्याला फक्त वळवतं. सुटे चुंबकीय ध्रुव सापडलेले नाहीत, त्यामुळे क्षेत्राने ओढून पळवावं असं हवेत काही नाही. १ टेस्ला काय, १० टेस्ला काय, हवा शांत असते.

B ची मर्यादा वेगळ्याच बाजूने येते, आणि तुमच्या कॅपॅसिटरच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आपल्या सॉलेनॉइडने १० मिलिज्यूल धरून ठेवण्यासाठी सेकंदाला २१ ज्यूल जाळले. भागाकार करा: साठवलेली सगळी ऊर्जा जेवढी, तेवढी तो दर अर्ध्या मिलिसेकंदाला उष्णतेत घालवतो. हा आकडा L/R च्या निम्मा असतो, आणि प्रवाह वाढवून तो सुधारत नाही, कारण ऊर्जा आणि उष्णता दोन्ही I² बरोबरच वाढतात. जाड तार घ्यावी तर तेवढ्याच जागेत वेढे कमी बसतात, आणि L व R दोन्ही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतात. आकारच दुप्पट केला, लांबी, व्यास, तारेच्या थराची जाडी सगळंच, तर मात्र L/R चौपट होतो. लहान कॉइल ऊर्जा धरून ठेवण्यात कायम नालायकच असणार.

याच पाइपात १ टेस्ला हवा असेल तर प्रवाह २०० पट, म्हणजे ४०० अँपिअर. उष्णता ४० हजार पट, ८ लाख वॅटच्या वर. ती तार फ्यूजसारखी उडेल.

आता दुकानातून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आणा. करंगळीच्या पेराएवढा डबा, १० मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर उंच. त्यात ०.३ ज्यूल मावतात, आपल्या अर्ध्या मीटरच्या सॉलेनॉइडच्या तीस पट. भरून बाजूला काढून ठेवला तर बराच वेळ भरलेला राहतो, गळती मायक्रोअँपिअरमध्ये. डब्याच्या घनफळावर सरासरी काढली तर घनमीटरला २ लाख ज्यूल पडतात. चुंबकीय भाषेत ०.७ टेस्ला. हवेची ४० ज्यूलची मर्यादा इथे कशी ओलांडली? कारण आत हवा नाहीच. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आहे, व्होल्टला एक-दोन नॅनोमीटर या हिशोबाचा, आणि तो मीटरला ५० कोटी व्होल्ट इतकं क्षेत्र सहज सोसतो. शिवाय त्याची सापेक्ष परमिटिव्हिटी ९ च्या घरात. त्या थरातली घनता घनमीटरला १ कोटी ज्यूल, म्हणजे ५ टेस्लाच्या तोडीची. डब्यातला बाकीचा माल पत्रा, कागद आणि द्रव असल्यामुळे सरासरी खाली येते. तुमच्या तुलनेत एकच चूक होती: चुंबकीय बाजूला खर्च न विचारता १ टेस्ला फुकट धरला, आणि विद्युत बाजूला मात्र सर्वांत वाईट माल, साधी हवा, घेतली.

इथे कुणीतरी नक्की विचारतं की मग कॉइलमध्येही लोखंड किंवा फेराइट घालून तीच युक्ती करू. प्रवाह तोच ठेवला तर L वाढतो आणि ऊर्जाही वाढते, खरं आहे. पण फेराइट ०.३ ते ०.४ टेस्लाला भरून जातं, आणि तेवढ्याच B ला त्याच्या आतली घनता B²/2μ, म्हणजे हवेपेक्षा μᵣ पटीने कमी. एसएमपीएस पुरवठ्यातला चोक, म्हणजे फेराइटच्या गाभ्यावरची कॉइल, उघडून बघा, गाभ्याच्या दोन अर्ध्यांमध्ये मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. १ चौरस सेंटिमीटरचा गाभा, ८ सेंटिमीटर लांबीचा, μᵣ २००० आणि मधे १ मिलिमीटर फट घ्या. ०.३ टेस्लाला फटीत ३.६ मिलिज्यूल बसतात, सगळ्या गाभ्यात मिळून ०.१५ सुद्धा नाही. गाभा ही फक्त वाट, साठा हवेत. फट बुजवून चोक 'दुरुस्त' करणारे मी पाहिलेत. मग तो थोड्याशा प्रवाहालाच भरून जातो आणि समोरचा ट्रान्झिस्टर जळतो.

तांब्याची उष्णता काढूनच टाकली तर? म्हणजे अतिसंवाहक तार. इथे लांब सॉलेनॉइडचं सूत्र खऱ्या अर्थाने कामाला लागतं, आणि त्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस या कण टिपणाऱ्या शोधकाचा सॉलेनॉइड. नायोबियम-टायटॅनियमची तार, तापमान ४.५ केल्विन, आतला व्यास ६.३ मीटर, लांबी १२.५ मीटर, चार थरांत २१६८ वेढे. ४ टेस्लासाठी ठरवलेला प्रवाह १९,१४० अँपिअर. तुमच्या वहीतलंच सूत्र घाला:

B = μ₀NI/l = 4π×10⁻⁷ × 2168 × 19140 / 12.5 ≈ 4.2 T

४ ऐवजी ४.२, बाकावरच्या सूत्राला हे वाईट नाही. ऊर्जेसाठी ४ टेस्लाच घेऊ. घनता ६४ लाख ज्यूल प्रति घनमीटर, आतलं घनफळ ३९० घनमीटर, गुणाकार २५० कोटी ज्यूल. प्रसिद्ध आकडा २६० कोटी. L काढला तर सूत्र १४.७ हेन्री देतं, प्रत्यक्षात १४ च्या आसपास.

आता नागाओकाचा गुणक आठवा. इथे व्यास लांबीच्या निम्मा आहे, म्हणजे हवेत उघडा ठेवलेला असता तर L १२ हेन्रीपर्यंत घसरायला हवा होता. तो घसरत नाही, कारण सॉलेनॉइडभोवती सुमारे १० हजार टन लोखंडाचं जू आहे. तोंडातून बाहेर पडणारं क्षेत्र त्या लोखंडातून फिरून परत येतं. बाहेरच्या वाटेत B असूनही घनता नगण्य, कारण तीच μ ची गोष्ट. आखूड सॉलेनॉइडला लोखंडाने 'लांब' बनवलं, असं म्हणा. याच सॉलेनॉइडच्या लगेच बाहेर कणांची ऊर्जा मोजणाऱ्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरचा जो थर आहे, तो बनवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

उष्णतेची मर्यादा गेली की दुसरी समोर येते, ती म्हणजे दाब. ज्यूल प्रति घनमीटर आणि न्यूटन प्रति चौरस मीटर ही एकच एककं आहेत, आणि इथे तो नुसता एककांचा योगायोग नाही. सॉलेनॉइडच्या आतलं क्षेत्र वेढ्यांना B²/2μ₀ इतक्याच दाबाने बाहेर ढकलतं. आपल्या पाइपावर तो १० पास्कल, फुंकरीएवढा. १ टेस्लाला जवळजवळ ४ वातावरणं, मोटारीच्या टायरमध्ये भरतात त्याहून जास्त. सीएमएसच्या ४ टेस्लाला ६३ वातावरणं, तीही ६ मीटर व्यासाच्या नळकांड्यावर. म्हणून तिथली तार नुसती तार नाही. तिच्याभोवती शुद्ध अॅल्युमिनियम आणि बाजूंना मजबूत अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पट्ट्या जोडलेल्या आहेत. हाच दाब विद्युत बाजूने हवेत फार तर ४० पास्कल मिळतो, आणि पंख्यापासून लोकलपर्यंतच्या मोटरी चुंबकीय असण्याचं हे मुख्य कारण. फटी मायक्रोमीटरच्या झाल्या की चित्र पालटतं. एवढ्याशा जागेत इलेक्ट्रॉनला वेग घेऊन धडका मारायला वावच मिळत नाही, त्यामुळे हवा कितीतरी जास्त क्षेत्र सोसते, आणि तेवढ्या लहान कॉइलचा L/R तर वर पाहिलाच. फोनमधल्या सिलिकॉनच्या इवल्या यंत्रणा बहुतेक विद्युत क्षेत्रावर चालतात ते यामुळे.

अतिसंवाहक सॉलेनॉइडमध्ये काय बिघडतं, तर एखादा तुकडा तापून साधा वाहक बनतो. त्याला क्वेंच म्हणतात. तेवढ्या जागेत रोध उगवतो आणि साठवलेली ऊर्जा तिथे उष्णता म्हणून उतरायला लागते. सीएमएसच्या थंड भागाचं वजन २२० टन, म्हणजे किलोला १२ किलोज्यूलच्या आत-बाहेर. ही उष्णता सगळ्या कॉइलवर सारखी पसरली तर ती १०० केल्विनच्याही खाली राहते, काही बिघडत नाही. एकाच जागी साचली तर तिथला धातू वितळेल. त्यामुळे तिथलं सगळं संरक्षण दोन गोष्टी करतं: रोध उगवल्याचं व्होल्टेज ओळखायचं, आणि प्रवाह बाहेरच्या मोठ्या रोधकातून वळवून जमेल तेवढी ऊर्जा तिकडे जाळायची. आमच्या बाकावरच्या कॅपॅसिटरचं काम तिथे तो रोधक करतो.

आणि २६० कोटी ज्यूल हा आकडा ऐकून दडपून जाऊ नका. ३६ लाखांनी भागा, ७२२ युनिट येतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराचं सात महिन्यांचं वीजबिल.